पहिलाच रिसर्च पेपर वाचतेय: ॲबस्ट्रॅक्टमधली ही २,०३,००० वर्षं आली कुठून?

मिरजकर_वैष्णवी

नमस्कार. मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सांगलीत, राहायला मिरजेत. यंदा सेमिनारसाठी सरांनी पुस्तकातला धडा न देता प्रत्येकाला एक मूळ पेपर वाचून मांडायला सांगितलाय. मी लायगोचा घेतला, गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडल्याचा, फेब्रुवारी २०१६ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आलेला. फुकट डाउनलोड होतो. मी कॉलेजसमोरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून घेतली. सोळा पानं आहेत, पण जवळजवळ निम्मी संदर्भांची आणि लेखकांच्या नावांची, त्यामुळे जरा धीर आला होता.

ॲबस्ट्रॅक्ट कळलं असं वाटतंय. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन डिटेक्टरना एकाच वेळी सिग्नल मिळाला, त्याची फ्रीक्वेन्सी ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकत्र येऊन ६२ पटीचं एक झालं आणि ३ सूर्यांइतकं वस्तुमान लहरींतून निघून गेलं. ३६ आणि २९ म्हणजे ६५, त्यातून ६२ गेले की ३, इथवर जुळलं.

अडलंय ते एका वाक्यावर. फॉल्स अलार्म रेट, म्हणजे खोटा सिग्नल मिळायचा दर, २,०३,००० वर्षांत एकापेक्षा कमी, असं लिहिलंय. यंत्र सुरू झालं सप्टेंबर २०१५ मध्ये, पेपर आला फेब्रुवारी २०१६ मध्ये. मग दोन लाख वर्षांबद्दल हे लोक बोलतात कशाच्या जोरावर? आणि ॲबस्ट्रॅक्टनंतर नेमकं काय वाचायचं? सगळे म्हणतात मेथड्स वाच, पण या पेपरात त्या नावाचा मथळाच नाही.

---

तासगावचा_तुषार

मी एमएस्सीला आहे, आमच्याकडे दर आठवड्याला जर्नल क्लब असतो. सरळ सांगतो: ॲबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या आणि त्यांखालचा मजकूर, मग शेवटचं कन्क्लूजन. मेथड्स पहिल्या वाचनात सोडून दे. तिथं शिरलीस की तासभर जातो आणि हाती काही लागत नाही. तो आकडा म्हणजे फक्त खात्री दाखवायची पद्धत. शेजारी ५.१ सिग्मा लिहिलंय ना, त्याचा अर्थ ती कृष्णविवरंच होती याची ९९.९९ टक्क्यांहून जास्त खात्री आहे. सेमिनारला एवढं पुरतं.

---

औंधचे_अण्णा

बाळ, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. तुझा उत्साह बघून बरं वाटलं. पण पेपर छापायची घाई करू नकोस. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं फार झालीत, ती टाळ. आधी सरांकडून भाषा तपासून घे, मग विद्यापीठाच्या यादीत असलेल्या नियतकालिकालाच पाठव.

---

मिरजकर_वैष्णवी

अण्णा, पेपर लिहायचा नाहीये, वाचायचाय. पण हे लक्षात ठेवीन, पुढे उपयोगी पडेल.

तुषारदादा, आकृत्या बघितल्या. पहिल्या आकृतीत दोन्ही ठिकाणचा सिग्नल आहे, तो कळला. पण २,०३,००० चं कोडं आकृतीतून सुटत नाही. आणि सेमिनारला कुणी तेच विचारलं तर?

---

कोयनाकाठ

मूळचा साताऱ्याचा, आता पुण्यात असतो. पीएच.डी. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये केली, त्या काळात हा पेपर बराच चावून झालाय.

वैष्णवी, तुझा प्रश्न चांगला आहे आणि पेपर वाचायची वाटही त्यातूनच निघते. सगळा पेपर सलग वाचू नकोस. ॲबस्ट्रॅक्टमधला जो आकडा खटकला तो धर आणि तो जिथे तयार झाला तिथपर्यंत त्याच्या मागे जा. पीडीएफ मोबाइलवर उघड आणि शोध. पूर्ण २०३००० टाकलंस तर बहुधा सापडणार नाही, कारण तिथं 203 आणि 000 यांच्यामध्ये बारीक जागा सोडलीय. नुसतं `203` टाक. ॲबस्ट्रॅक्ट सोडून तो आकडा कुठल्या भागात येतो ते बघ. मेथड्स नावाचा मथळा नसला तरी तुझ्यासाठी मेथड्स तोच. फिजिक्समधल्या छोट्या पेपरांत हा मजकूर असा वेगवेगळ्या मथळ्यांखाली विखुरलेला असतो.

त्या परिच्छेदाच्या आधीचे दोन-तीन परिच्छेदही वाच. तिथं किती दिवसांचा डेटा वापरला ते मिळेल. तो आकडा घेऊन इथं ये.

तुषार, तुझा क्रम पहिल्या वाचनाला ठीक आहे, मीही बऱ्याचदा तसंच वाचतो. पण सिग्माचा अर्थ तू सांगितलास तसा नाही. ५.१ सिग्मा एवढंच सांगतो, की निव्वळ नॉइजमधून योगायोगाने दोन्ही डिटेक्टरमध्ये जुळणारी इतकी जोरदार जोडी उमटणं किती दुर्मीळ आहे. सिग्नल कृष्णविवरांचाच का, हा मुद्दा वेगळा आणि तो पेपरात वेगळ्या ठिकाणी येतो. लहरीची फ्रीक्वेन्सी १५० हर्ट्झ असताना त्या दोन वस्तू सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होत्या. एवढ्या वस्तुमानाच्या वस्तू या वेगाने फिरायच्या तर त्यांच्यात जेमतेम ३५० किलोमीटर अंतर उरतं. इतक्या कमी जागेत मावेल असं दुसरं काही माहीत नाही, म्हणून कृष्णविवरं. या तर्कात सिग्मा कुठेच नाही.

---

तासगावचा_तुषार

हे दोन वेगळे मुद्दे आहेत हे मान्य. मी कन्क्लूजनपुरतंच बोलत होतो.

---

मिरजकर_वैष्णवी

सापडलं. सर्चेस नावाच्या भागात आहे. त्यात दोन उपभाग आहेत. एकात कुठल्याही आकाराचा अचानक आलेला सिग्नल शोधतात, दुसऱ्यात दोन वस्तू एकमेकींभोवती फिरत एकत्र येतात त्याचा ठरावीक आकाराचा सिग्नल. २,०३,००० दुसऱ्या उपभागात आहे.

डेटा मात्र फक्त १६ दिवसांचा! तारखा १२ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर अशा दिल्यात. म्हणजे कॅलेंडरवर ३८ दिवस, पण दोन्ही डिटेक्टर एकाच वेळी नीट चालू होते असा वेळ तेवढाच. आता तर कोडं आणखी अवघड झालं. १६ दिवस बघून दोन लाख वर्षांचं कसं सांगता येईल?

---

द्राक्षबाग

मी कृषीचा विद्यार्थी, गाव कवठेमहांकाळकडे. लायगोतलं मला काही कळत नाही, पण एक विचारतो. आमच्याकडे द्राक्षाच्या केवडा रोगावर फवारणीचा प्रयोग लावला की सर पहिलं विचारतात, कंट्रोल कुठंय? न फवारलेल्या ओळी किती, त्या बागेत कुठे-कुठे सोडल्यात? त्याशिवाय फवारणीनं फरक पडला की त्या आठवड्यात हवाच कोरडी होती, हे सांगता येत नाही. मी कुठलाही पेपर घेतला की ॲबस्ट्रॅक्टनंतर थेट ते बघतो. यांचा कंट्रोल कुठला?

---

कोयनाकाठ

द्राक्षबाग, या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा. वैष्णवीच्या कोड्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

तुम्ही काही ओळी न फवारता सोडू शकता. यांना तसं करता येत नाही, कारण गुरुत्वीय लहर कशानेही अडवता येत नाही. डिटेक्टरवर झाकण घालून आता आत फक्त नॉइज आहे असं म्हणायची सोय नाही. शिवाय हा नॉइज पुस्तकातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा सभ्य नसतो. मधूनच खटके येतात, आज एक स्वभाव तर उद्या दुसरा. त्यामुळे सूत्र लावून त्याचा दर काढता येत नाही, मोजावाच लागतो. हे दोन्ही अडथळे पेपरात सरळ लिहिलेत. वैष्णवी, तो परिच्छेद सावकाश वाच.

मग त्यांनी कंट्रोल तयार केला. एक डिटेक्टर अमेरिकेत हॅनफर्डला, दुसरा तिथेच लिव्हिंग्स्टनला, मध्ये साधारण तीन हजार किलोमीटर. लहर प्रकाशाच्या वेगाने येते, म्हणून खऱ्या सिग्नलच्या दोन नोंदींत जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. वेळ ठरवण्यातली चूक धरून त्यांनी १५ मिलिसेकंदांची मुभा ठेवली. या घटनेत फरक होता सुमारे ७ मिलिसेकंदांचा, आधी लिव्हिंग्स्टन, मग हॅनफर्ड.

आता एका डिटेक्टरच्या सगळ्या नोंदींची वेळ मुद्दाम ०.१ सेकंदाने पुढे सरकवा. ०.१ सेकंद म्हणजे १०० मिलिसेकंद, मुभेच्या कितीतरी बाहेर. त्यामुळे सरकवलेल्या डेटात जी जोडी जुळलेली दिसेल ती एकाच लहरीची असूच शकत नाही, ती योगायोगाचीच. हा झाला १६ दिवसांचा एक कंट्रोल. मग ०.२ सेकंदाने सरकवा, दुसरा कंट्रोल. ०.३ ने, तिसरा. असं करत राहायचं.

वैष्णवी, आलेखाच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या काप. दोन्हींवर मनाला येईल तिथे दहा-बारा ठिपके दे आणि एक पट्टी दुसरीखाली एकेक घर सरकवत किती ठिपके समोरासमोर येतात ते मोज. ही क्रिया पाच मिनिटांत हातात बसते. मग वहीत आकडेमोड कर: १६ दिवसांत ०.१ सेकंदाची घरं किती, आणि तितक्या वेळा सरकवून एकूण किती वर्षांचा कंट्रोल मिळतो?

---

मिरजकर_वैष्णवी

केलं! आकडेमोड इथं टाकते, कुठे चुकलं तर सांगा.

१६ × ८६,४०० = १३,८२,४०० सेकंद.
त्यात ०.१ सेकंदाची घरं = १,३८,२४,०००, म्हणजे जवळपास १.३८ कोटी वेळा सरकवता येतं.
दर वेळी १६ दिवस, म्हणून १.३८ कोटी × १६ = सुमारे २२.१ कोटी दिवस.
भागिले ३६५.२५ = सुमारे ६,०६,००० वर्षं.

पेपरात ६,०८,००० वर्षं लिहिलंय! १६ दिवस हा आकडाच पूर्णांकात दिलाय म्हणून तेवढा फरक पडला असेल ना? वहीत हे उत्तर आलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

पण उत्तर ६,०८,००० आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये २,०३,०००. तीनने भागलं तर बरोबर जुळतं. तीनने का भागलं?

---

कोयनाकाठ

आकडेमोड बरोबर, फरकाचं कारणही तू सांगितलंस तेच.

तीनचं असं आहे. या शोधात सुमारे अडीच लाख नमुना-लहरी तयार ठेवल्या होत्या. वेगवेगळ्या वस्तुमानांच्या जोड्यांची लहर कशी दिसेल ते सिद्धान्तावरून काढायचं आणि प्रत्येक नमुना डेटावर फिरवून बघायचा. याला मॅच्ड फिल्टर म्हणतात. या पद्धतीवर आपल्या पुण्यात आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमाराला पायाभूत काम केलंय, सेमिनारला ते जरूर सांग.

आता लांब नमुने आणि आखूड नमुने नॉइजला सारखे फसत नाहीत. आखूड नमुना साध्या खटक्यालाही जुळून जातो. म्हणून त्यांनी नमुन्यांच्या लांबीप्रमाणे तीन गट केले आणि प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच कंट्रोलशी केली. पण तीन ठिकाणी शोधलं की योगायोगाला तीन संधी मिळाल्या. त्याची किंमत म्हणून तीनने भागायचं. आपल्याच निकालाविरुद्ध घातलेली ही सूट आहे, आणि ती मेथड्स वाचल्याशिवाय दिसत नाही.

आता ॲबस्ट्रॅक्टमधला 'पेक्षा कमी' हा शब्द बघ. सहा लाख वर्षांच्या कंट्रोलमध्ये या घटनेइतकी जोरदार जोडी एकदाही सापडली नाही. म्हणून खरा दर किती ते त्यांना सांगताच येत नाही, तो अमुकपेक्षा कमी आहे एवढंच सांगता येतं. ही मर्यादा कंट्रोलच्या लांबीची आहे.

पुढची पायरी तू कर. २,०३,००० वर्षांत एक हा दर असेल तर १६ दिवसांत अशी एक खोटी जोडी मिळायची शक्यता किती?

---

मिरजकर_वैष्णवी

१६ दिवस म्हणजे ०.०४३८ वर्षं. भागिले २,०३,०००. उत्तर सुमारे २.२ × १०⁻⁷. पेपरात २ × १०⁻⁷ पेक्षा कमी असं आहे आणि ५.१ सिग्मा त्यावरूनच काढलंय. म्हणजे सिग्मा हा वेगळा पुरावा नाही, तोच आकडा दुसऱ्या रूपात!

आणखी एक मिळालं. त्याच उपभागात दुसऱ्या क्रमांकाच्या एका घटनेचा उल्लेख आहे, LVT151012. तिचा दर २.३ वर्षांत एक आणि शक्यता ०.०२ दिलीय. माझ्या रीतीने करून बघितलं: २.३ वर्षं म्हणजे ८४० दिवस, १६ भागिले ८४० = ०.०१९. जुळलं. या घटनेचं पुढे काय झालं?

---

कोयनाकाठ

२०१५ च्या त्या डेटात तिला शोध म्हणायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून नावाच्या सुरुवातीला GW न लावता LVT लावलं. पुढे सुधारलेल्या पद्धतींनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि २०१८ च्या यादीत ती GW151012 म्हणून पक्क्या घटनांत आली. आकाशात घडायचं ते घडून गेलं होतं, डेटाही तोच होता. बदलली ती मेथड्स.

---

कराडची_स्मिता

मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. धागा सुरुवातीपासून वाचतेय आणि वैष्णवीचं कौतुक वाटतंय, पण एक गोष्ट इतक्या सहज सोडून देऊ नये असं मला वाटतं.

१६ दिवसांचाच डेटा एक कोटी वेळा सरकवला म्हणून सहा लाख वर्षांची नवी माहिती तयार होत नाही. हॅनफर्डला एखादा मोठा खटका आला असेल तर तोच खटका प्रत्येक सरकवणीत पुन्हा पुन्हा जोड्या लावत बसेल. हे कंट्रोल एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. शिवाय त्या १६ दिवसांत नॉइजचा जो प्रकार आलाच नाही, तो कितीही सरकवलं तरी कंट्रोलमध्ये येणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढ्या लहान नमुन्यावरून असा आकडा लिहिला असता तर मी त्यांना उभं केलं असतं.

---

कोयनाकाठ

स्मिताताई, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि त्यावर या क्षेत्रात बरीच चर्चा झालेली आहे. तुमचा पहिला मुद्दा तर चौथ्या आकृतीत डोळ्यांनी दिसतो.

वैष्णवी, चौथी आकृती काढ आणि उजवीकडचा आलेख बघ. कंट्रोलच्या दोन रेषा आहेत, एक काळी, एक जांभळी. काळी रेषा उजवीकडे लांबवर शेपटीसारखी पसरलीय. ती शेपटी कशाची, हे आकृतीखालच्या मजकुरात आहे.

---

मिरजकर_वैष्णवी

माझ्या झेरॉक्समध्ये दोन्ही रेषा करड्याच आल्यात! मी इतके दिवस ती एकच जाड रेषा समजत होते. आता मोबाइलवर रंगीत बघितली.

खाली लिहिलंय त्याप्रमाणे काळ्या रेषेची शेपटी म्हणजे खुद्द आपल्या घटनेचाच एका डिटेक्टरमधला सिग्नल, दुसऱ्या डिटेक्टरच्या नॉइजबरोबर चुकून जुळलेला. सरकवल्यावर खरी जोडी तुटते, पण तिचा अर्धा भाग डेटात राहतोच आणि दिसेल त्या खटक्याशी जोडी लावतो. त्या जोड्या वगळून काढलेली ती जांभळी. स्मिताताई म्हणतात तसंच झालं की, फक्त खटक्याऐवजी सिग्नलच.

---

कोयनाकाठ

अगदी. आणि तो भाग आत ठेवूनसुद्धा मूळ घटना काळ्या शेपटीच्याही पलीकडे, एकटी उजवीकडे उभी आहे. म्हणून निकालाला धक्का लागत नाही.

स्मिताताई, तुमचा दुसरा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. १६ दिवसांत न आलेला नॉइज कंट्रोलमध्ये येणार नाही, हे मान्यच. त्याच्या पुढचाही एक धोका आहे: दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पोचणारा पार्थिव त्रास. उदाहरणार्थ, लांबवर कोसळलेल्या मोठ्या विजेचा चुंबकीय धक्का. सरकवलं की तोही तुटतो, म्हणून ही पद्धत त्याला पकडूच शकत नाही. दोन ठिकाणचा नॉइज एकमेकांशी असंबंधित असेल तरच हे चालतं, ही अट पेपरानेच घातलीय.

म्हणून त्याआधीचा डिटेक्टर व्हॅलिडेशनचा भाग वाचावा लागतो. भूकंपमापक, मायक्रोफोन, चुंबकमापक, रेडिओ रिसीव्हर असे संवेदक दोन्ही ठिकाणी लावलेले होते. त्या एका सेकंदात त्यांनी नोंदलेली कुठलीही हालचाल सिग्नलच्या उंचीचा ६ टक्क्यांहून जास्त भाग घडवू शकली नसती, असं तिथं लिहिलंय. सरकवण्याच्या पद्धतीतली फट या वेगळ्या तपासणीने बुजवली. वाचणाऱ्याला हे दोन भाग स्वतः जोडावे लागतात.

आणि आकड्यावर फार जीव लावू नये याचं कारण पेपरातच आहे. त्याच घटनेला पहिल्या उपभागातल्या शोधाने २२,५०० वर्षांत एकापेक्षा कमी असा दर दिला, ४.६ सिग्मा. त्या शोधाला लहरीचा नेमका आकार माहीत नव्हता. सिग्नल एक, रीती दोन, आकडे दोन. ॲबस्ट्रॅक्टमध्ये त्यातला एकच आला.

---

कराडची_स्मिता

संवेदकांचा भाग आणि दुसऱ्या शोधाचा आकडा हे दोन्ही वाचून निकाल पटतो. २,०३,००० हा आकडा मात्र मला अजूनही पटत नाही. स्वतंत्र नसलेल्या कंट्रोलवरून काढलेल्या मर्यादेला स्वतःची अशी अनिश्चितता असते, ती तिथं दिसायला हवी होती.

---

कोयनाकाठ

यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. माझ्या मते 'पेक्षा कमी' असं लिहिल्यावर तेवढं पुरतं.

---

द्राक्षबाग

म्हणजे यांनी कंट्रोल ओळी सोडल्या नाहीत, आहे त्याच बागेची वही मागेपुढे करून बनवल्या. हे आमच्याकडे चालेल का याचा विचार करतोय. रोजच्या आर्द्रतेची नोंद आणि रोगाची नोंद अशा दोन वह्या आहेत. एक सरकवून बघितली तर?

---

कराडची_स्मिता

जपून करा. तुमच्या हवामानाला ऋतू असतो. आठवडाभर सरकवलं तरी ढगाळ आठवडा ढगाळ आठवड्यासमोरच यायची शक्यता मोठी, म्हणजे संबंध तुटतच नाही. लायगोचे बरेच खटके क्षणिक असतात म्हणून ०.१ सेकंद पुरतो. तुमच्याकडे किती सरकवल्यावर संबंध तुटतो ते आधी बघावं लागेल. वह्यांचे फोटो मला निरोपातून पाठवा, आपण बघू.

---

मिरजकर_वैष्णवी

सेमिनारचं ठरलं. पंधरा मिनिटांत सगळा पेपर न मांडता या एकाच आकड्याचा माग दाखवणार आहे. सुरुवातीला ॲबस्ट्रॅक्टमधलं वाक्य, मग कागदाच्या पट्ट्या फळ्यावर लावून, मग वहीतली आकडेमोड, आणि शेवटी चौथी आकृती, या वेळी रंगीत. स्मिताताईंचा आक्षेपही सांगणार.

पण आता मी सुरुवातीला जुळलं म्हणून सोडून दिलेलं वजाबाकीचं वाक्य खटकायला लागलंय. ३६ ला अधिक ५ उणे ४, २९ ला अधिक-उणे ४, ६२ ला अधिक-उणे ४ अशा त्रुटी दिल्यात. मग ३.० ला फक्त ०.५ कशी?

---

तासगावचा_तुषार

हे आम्ही प्रॅक्टिकलला करतो. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. १६ आणि १६ आणि १६ म्हणजे ४८, वर्गमूळ जवळपास ७. उत्तर ३ अधिक-उणे ७ यायला पाहिजे. पेपरात ०.५ कसं आलं ते मलाही कळत नाही.

---

कोयनाकाठ

वर्गांच्या बेरजेचा नियम बरोबर आहे, पण तीन मापं वेगवेगळी घेतलेली असतील तेव्हाचा. इथं ६२ स्वतंत्रपणे मोजलेलं नाही. सुरुवातीची दोन वस्तुमानं आणि त्यांचं स्वतःभोवतीचं फिरणं लहरीवरून काढलं, आणि शेवटचं वस्तुमान त्यांवरून सापेक्षतेच्या संगणकी गणितातून आलं. म्हणजे सुरुवातीची बेरीज जास्त निघाली तर शेवटचंही जास्त निघतं, दोन्ही एकाच दिशेने हलतात. वजाबाकीत ते हलणं बरंचसं उडून जातं.

वैष्णवी, एक छोटं करून बघ. ६५ मधले ३ म्हणजे साधारण ४.६ टक्के. बेरीज ६१ धर आणि ४.६ टक्के काढ, मग ६९ धरून काढ.

---

मिरजकर_वैष्णवी

६१ ला २.८, ६९ ला ३.२. म्हणजे बेरजेतल्या अनिश्चिततेमुळे फक्त ०.२ चा फरक पडतो. पण पेपरात ०.५ आहे. उरलेला कुठून?

---

कोयनाकाठ

ते ४.६ टक्केसुद्धा ठाम नाहीत. दोघांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर आणि त्यांचं फिरणं यावर ते बदलतात. नेमका किती वाटा कशाचा, हे या पेपरात मिळणार नाही. त्याच गटाचा या घटनेच्या गुणधर्मांवरचा वेगळा पेपर आहे, तोही २०१६ चा आणि तोही फुकट मिळतो. त्यात दोन्ही वस्तुमानं एकमेकांसमोर मांडलेली आकृती बघ. ठिपक्यांचा पट्टा तिरका आहे, एक वाढलं की दुसरं कमी होतं. तिथून सुरुवात कर, ॲबस्ट्रॅक्ट नंतर वाचलंस तरी चालेल.

---

तासगावचा_तुषार

वैष्णवी, तो पेपर उघडलास की इथंच लिही. आमच्या पुढच्या जर्नल क्लबला मी तोच घेतोय, या वेळी मेथड्ससकट.